कंसातली किंमत कुठून येते?

आज पुन्हा महत्तम पूर्णांक फलनाची लिमिट. x → 3 असताना [x] ला लिमिट नाही, हे सहज पटतं: 3 च्या अलीकडे किंमत 2, पलीकडे 3. खरी गफलत होते ती कंसात साधा x नसून दुसरं फलन असतं तेव्हा. x डावीकडून येतो की उजवीकडून, यावर सगळं लक्ष जातं आणि कंसातली किंमत पूर्णांकाकडे खालून येते की वरून, हे बघायचंच राहतं. उत्तर मात्र त्यावरच ठरतं.

x → 0 असताना [100 sin x / x] घेऊ. sin x / x चं लिमिट 1, म्हणून 100 × 1 = 100, असं लिहून बरेच जण मोकळे होतात. पण x शून्याजवळ असून शून्य नसेल, तर |sin x| हे |x| पेक्षा लहानच असतं. म्हणजे x धन असो की ऋण, sin x / x हे 1 च्या खालीच राहतं. कंसातली किंमत 100 च्या जवळ जाते, पण 100 ला कधी टेकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी उत्तर 99, आणि लिमिट 99.

किती जवळ जायचं, तेही काढता येतं. शून्याजवळ sin x / x साधारण 1 − x²/6 असतं. किंमत 99 च्या वर राहायला x²/6 हे 0.01 पेक्षा कमी हवं, म्हणजे |x| अंदाजे 0.245 च्या आत. x = 0.2 ला कंसात 99.33 येतात, म्हणून 99. x = 0.3 ला 98.51, म्हणजे अजून 98 च. (x अर्थातच रेडियनमध्ये.)

कॅल्क्युलेटरवर पडताळताना मात्र x फार लहान घेऊ नये. x = 0.00000001 घेतला तर 1 पासूनचा फरक सतराव्या दशांश स्थळावर जातो, यंत्र तो गिळून टाकतं आणि भागाकार नेमका 1 धरतं. मग उत्तर येतं 100, चक्क चुकीचं. x = 0.01 पुरेसा आहे.

tan x / x ची गोष्ट उलटी. ते 1 च्या वर राहतं, म्हणून [100 tan x / x] चं लिमिट 100.

x → 2 असताना [3 − (x − 2)²] मला विशेष आवडतं. वर्ग वजा होतोय, त्यामुळे x कुठूनही आला तरी कंसात 3 पेक्षा किंचित कमीच, लिमिट 2. पण x = 2 ला फलनाची किंमत 3. लिमिट आहे, सातत्य नाही. वजाऐवजी अधिक केलं, की लिमिट 3 आणि सातत्यही आलं. कंसातल्या फलनाचं लिमिट पूर्णांक नसेल, उदाहरणार्थ 2.6, तर यातलं काहीच बघावं लागत नाही, सरळ [2.6] = 2 लिहावं.