पहिल्या ओळीतलं अर्धं व्होल्ट

आमच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये कॉम्प्युटरवरचे काही प्रयोग असतात. त्यातला एक म्हणजे चार्ज होणाऱ्या कपॅसिटरचं व्होल्टेज ऑयलरच्या पद्धतीनं पायरी-पायरीनं काढायचं आणि खऱ्या सूत्राशी ताडून बघायचं. वर्गातल्या बऱ्याच जणांचा तो एका दुपारीत झाला. माझं जर्नल तीन वेळा परत आलं. त्या तीन फेऱ्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि नेमकं काय अडलं होतं ते कुणीच नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते.

सर्किट साधं आहे. 5 व्होल्टचा सप्लाय, 10 किलोओहमचा रेझिस्टर, 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार बरोबर 1 सेकंद येतो, तोच टाइम कॉन्स्टंट τ. खरं उत्तर V = 5(1 − e^(−t/τ)). ऑयलरची पद्धत हे सूत्र वापरत नाही. आत्ता कपॅसिटरवर किती व्होल्ट आहेत बघायचं, त्यावरून आत्ताचा करंट काढायचा, आणि पुढचा अख्खा 0.1 सेकंद तोच करंट वाहिला असं धरून नवं व्होल्टेज लिहायचं. मग पुन्हा तेच. हे 0.1 सेकंद म्हणजे एक पायरी, म्हणजेच स्टेप.

माझा प्रोग्रॅम असा होता:

```python
from math import exp
R, C, Vs = 10e3, 100e-6, 5.0
tau = R*C
dt = 0.1
t, v = 0.0, 0.0
while t <= 5*tau:
    v = v + dt*(Vs - v)/tau
    print(t, v, Vs*(1 - exp(-t/tau)))
    t = t + dt
```

चालवला, आकडे आले, आलेख काढला. दोन्ही रेषा वर चढतात आणि 5 व्होल्टला टेकतात. मॅन्युअलमधल्या तक्त्यात फक्त 1, 2, 3, 4 आणि 5 सेकंदांच्या नोंदी मागितल्या होत्या, तेवढ्याच उतरवल्या. 1 सेकंदाला ऑयलर 3.431, खरं 3.161, फरक 0.270.

(इथंच एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. फक्त हव्या त्या ओळी छापाव्यात म्हणून मी आधी if t == 1.0 असं लिहिलं होतं, आणि काहीच छापलं जाईना. 0.1 दहा वेळा मिळवलं की कॉम्प्युटरमध्ये 1.0 होत नाही, 0.9999999999999999 होतं. वेळ मिळवत नेण्यापेक्षा t = n*dt असा गुणाकार करून काढावा.)

जर्नल तपासायची वेळ शनिवारी अकरा ते एक. राजारामपुरीतून केएमटीच्या बसनं जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि पुढचे तिघं-चौघं प्रत्येक पानावर सही घेऊन निघेपर्यंत एक वाजतो. पहिल्या शनिवारी माझं पान बघून सरांनी शेरा मारला: "एरर जास्त आहे, स्टेप कमी करा." एवढंच. घरी येऊन 0.05 घेतलं, फरक 0.137 झाला. 0.01 घेतलं, 0.028 झाला. मला आनंद झाला. पुस्तकात लिहिलेलं असतं की ही पद्धत पहिल्या कोटीची आहे, म्हणजे स्टेप निम्मी केली की चूक साधारण निम्मी होते. माझी तशीच होत होती.

दुसऱ्या शनिवारी दुसरा शेरा: "मॅन्युअलप्रमाणे स्टेप 0.1 च घ्यावी." मी म्हटलं, "सर, मागच्या वेळी कमी करायला सांगितलं होतं." "तेव्हाचं तेव्हा. तक्ता 0.1 चा पाहिजे, आणि एवढा फरक यायला नको." किती यायला हवा हे सांगितलं नाही. मागं रांग होती. मी वही घेऊन बाहेर आले. 0.1 ठेवायचं आणि फरकही कमी करायचा, हे कसं करायचं ते मला कळेना. तिसऱ्या शनिवारी तोच तक्ता सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून नेला आणि तसाच परत आणला.

त्या आठवड्यात मी सगळं तपासलं. मायक्रोचे शून्य मोजले. τ छापून बघितला, 1.0. exp मधलं वजाचं चिन्ह बघितलं. सूत्राची ओळ मॅन्युअलशी अक्षर-अक्षर जुळत होती. शेवटी माझी अशी समजूत झाली की ऑयलरची पद्धतच एवढी कच्ची असणार.

रविवारी आतेभाऊ आला होता. तो शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. ऑयलर त्याला माहीत नाही, पण कपॅसिटर चांगला माहीत आहे. मी लॅपटॉप पुढं सरकवला तर म्हणाला, "मधलं कशाला दावतीस? पहिल्यापास्नं दाव की." मी वर गेले. पहिली ओळ होती:

```
0.0 0.5 0.0
```

"स्विच लावायच्या आधी कपॅसिटर रिकामा हाय न्हवं?" तो म्हणाला. "मग शून्य सेकंदाला त्याच्यावर अर्धा व्होल्ट कुठनं आला?"

मी जुन्या वीजबिलाच्या मागं हातानं गणित मांडलं. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा, म्हणून सगळे 5 व्होल्ट रेझिस्टरवर. करंट 0.5 मिलिअँपिअर. तो 0.1 सेकंद वाहिला तर चार्ज 50 मायक्रोकुलंब. त्याला 100 मायक्रोफॅरडनं भागलं की अर्धा व्होल्ट. म्हणजे अर्धा व्होल्ट बरोबरच आहे, पण तो 0.1 सेकंदाचा. माझा प्रोग्रॅम आधी व्होल्टेज पुढं ढकलत होता आणि मग मागच्याच वेळेसमोर छापत होता. प्रत्येक ओळीत ऑयलरचा आकडा एक पायरी पुढचा आणि सूत्राचा आकडा मागच्या वेळेचा. 1 सेकंदासमोर मी दहा नव्हे, अकरा पायऱ्यांनंतरचं व्होल्टेज लिहीत होते.

छापायची ओळ वर घेतली आणि वेळ n*dt नं काढली, एवढीच दुरुस्ती:

```python
v = 0.0
for n in range(51):
    t = n*dt
    print(t, v, Vs*(1 - exp(-t/tau)))
    v = v + dt*(Vs - v)/tau
```

1 सेकंदाला आता 3.257 आलं, फरक 0.096. 2 सेकंदांचा फरक 0.130 वरून 0.069 झाला, 3 सेकंदांचा 0.058 वरून 0.037. स्टेप तीच, 0.1.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की स्टेप निम्मी करून बघायची कसोटी माझ्या चुकीच्या प्रोग्रॅमलाही पास करत होती. कारण नंतर उमगलं. एक पायरी सरकल्यानं येणारी चूकही पायरीच्या लांबीच्याच प्रमाणात असते. ऑयलरची स्वतःची चूकही तशीच. दोन्ही एकदम निम्म्या होतात, त्यामुळं बेरीजही निम्मी होते. "स्टेप कमी करा" या शेऱ्यानं चूक सापडली नाही, फक्त बारीक होऊन झाकली गेली. चूक कमी होते का एवढं बघून भागत नाही, ती जेवढी असायला हवी तेवढीच आहे का हे बघावं लागतं.

आणि ती किती असावी हे चार ओळींत काढता येतं. 5 व्होल्टला पोचायला जेवढं व्होल्टेज बाकी आहे, त्याला ऑयलर प्रत्येक पायरीत (1 − h) नं गुणतो, इथं h = dt/τ. खरा कपॅसिटर e^(−h) नं गुणतो, म्हणजे जवळपास 1 − h + h²/2. प्रत्येक पायरीत बाकी h²/2 एवढ्या अंशानं जास्त घटते. एका टाइम कॉन्स्टंटमध्ये 1/h पायऱ्या, म्हणून एकूण h/2. त्या वेळी खरी बाकी 5 × 0.368 = 1.84 व्होल्ट. तिच्या 0.05 पट म्हणजे 0.092. माझा दुरुस्त फरक 0.096, म्हणजे ठीक. आधीचा 0.270 याच्या जवळपास तिप्पट होता. हे गणित पहिल्याच शनिवारी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

ऑयलरचं उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा वर का, हेही बिलाच्या त्याच गणितात आहे. चार्ज होताना करंट सतत कमी होत असतो, आणि आपण पायरीच्या सुरुवातीचा, म्हणजे सर्वांत मोठा करंट पूर्ण पायरीभर धरतो. पहिल्या 0.1 सेकंदात खरं व्होल्टेज 0.476 होतं, आपण 0.5 लिहितो.

आणखी एक खूण, आलेख काढणाऱ्यांसाठी. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की सगळं ठीकच दिसतं, मला तसंच दिसलं होतं. फक्त फरकाचा वेगळा आलेख काढा. प्रोग्रॅम बरोबर असेल तर फरक शून्यापासून सुरू होतो, चढतो, एका टाइम कॉन्स्टंटच्या आसपास सर्वांत मोठा होतो आणि पुन्हा शून्याकडं उतरतो. माझ्या जुन्या आकड्यांचा काढला तर तो पहिल्याच बिंदूला 0.5 होता आणि तिथून खालीच येत होता. दोन्ही आकार इतके वेगळे आहेत की मोजायचीही गरज नाही.

चौथ्या शनिवारी तक्ता, फरकाचा आलेख आणि 0.092 चं गणित असं सगळं नेलं. सरांनी आलेखावर थोडा वेळ पेन टेकवून धरलं आणि विचारलं, "स्टेप 1 सेकंद घेतली तर?" पहिल्याच उडीत 5 व्होल्ट, आणि पुढं तिथंच. "दीड?" 7.5, मग 3.75, मग 5.625, वरखाली होत स्थिरावतं. "2?" 10, 0, 10, 0, कधीच थांबत नाही, आणि त्याहून मोठी घेतली तर झोके वाढतच जातात. सप्लाय 5 चा असताना कपॅसिटरवर 7.5 दिसले तर स्टेप टाइम कॉन्स्टंटपेक्षा मोठी आहे हे तिथंच ओळखावं. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

बाहेर रांगेत एक मुलगी वही उघडून उभी होती, तिच्या पानावर तोच शेरा होता. तिला मी आधी तिची पहिली ओळ विचारली. तक्त्यात नव्हती. तिनं मोबाइलवर प्रोग्रॅमचा फोटो दाखवला. v ची ओळ print च्या वर होती.