तुम्ही विचारलंत म्हणून: तक्त्यातला मधोमधचा ठिपका

"ते सगळं राहू दे ताई, तो पक्ष डावा की उजवा तेवढं एका शब्दात सांगा."

एका शब्दात सांगता येतं. मी एकदा सांगितलंही होतं, भर सभेत, आणि ते अजून सलतंय. ती गोष्ट आज नीटच लिहिते, म्हणजे मी उत्तर टाळते असं तुम्हाला वाटायला नको.

माझं काम म्हणजे पक्षांचे जाहीरनामे वाचून त्यातले मुद्दे मोजणं. मॅनिफेस्टो प्रोजेक्ट नावाच्या संशोधन प्रकल्पाची पद्धत आहे त्याला. जाहीरनाम्याचे एकेका मुद्द्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या विषयांपैकी एका खान्यात टाकायचा. त्यातले 13 खाने डावे धरलेत, 13 उजवे. उजव्यांची टक्केवारी काढायची, त्यातून डाव्यांची वजा करायची, झाला आकडा तयार. उणे 100 म्हणजे पूर्ण डावा, अधिक 100 म्हणजे पूर्ण उजवा.

तर काही वर्षांपूर्वी मी एका पक्षाचा (नाव मुद्दाम देत नाहीये) जाहीरनामा मोजला. 400 तुकडे पडले, त्यातले 104 उजव्या खान्यांत गेले, 96 डाव्या. म्हणजे 26 टक्के वजा 24 टक्के, अधिक 2. तक्त्यावर ठिपका बरोब्बर मधोमध आला आणि मी खाली लिहिलं, मध्यममार्गी पक्ष. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक बाई उठली, त्याच देशातली होती. म्हणाली, "हा पक्ष माझ्या आईचं पेन्शन वाढवतो म्हणून आई त्याला मत देते. मी माझ्या मैत्रिणीबरोबर संसार करते, तो त्याला घर मानत नाही. आमच्याकडे यावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे. तुमच्या तक्त्यात ते कुठे आहे?"

मी काय बोलले असेन? "सरासरी अशीच असते हो." ती काही न बोलता खाली बसली.

रात्री शीट परत उघडली. 96 डाव्या तुकड्यांतले बहुतेक पेन्शन, दवाखाने, शाळा यांचे होते. 104 उजव्यांतले बहुतेक राष्ट्र, पारंपरिक कुटुंब आणि पोलिसांचे. दोन्हीकडे सौम्य बोलणाऱ्या पक्षाचा आकडा शून्याजवळ येतो आणि दोन्ही टोकं ताणणाऱ्याचाही तिथेच येतो, वजाबाकीला फरक कळत नाही. उरलेले 200 तुकडे तर कुठल्याच बाजूला नव्हते, कारण पर्यावरण, शेती, भ्रष्टाचार हे खाने त्या 26 मध्ये नाहीतच. त्यातून स्वातंत्र्य आणि मानवी हक्क हा खाना उजवीकडे धरलाय आणि लोकशाही डावीकडे! हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, माहीत होतं, तरी मी एक शब्द लिहिला कारण समोरच्यांना एक शब्द हवा होता.

हा एकच पक्ष विचित्र निघाला असं म्हणाल तर पोलंड बघा. 'कायदा आणि न्याय' हा पक्ष 2015 मध्ये सत्तेत आला, 2016 पासून दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे महिना 500 झ्लॉटी द्यायला लागला, आणि आधीच्या सरकारने 67 पर्यंत न्यायला घेतलेलं निवृत्तीचं वय त्याने बायकांना 60, पुरुषांना 65 असं खाली आणलं. गर्भपाताच्या बाबतीत मात्र तो कट्टर सनातनी. वय वाढवणारे ते आधीचे उदारमतवादी. आता यातलं डावं कोण, एका शब्दात सांगा मला.

1789 मध्ये फ्रान्सच्या सभेत लोक अध्यक्षांच्या डाव्या-उजव्या हाताला बसले तेव्हा राजाला नकाराधिकार असावा का, हा मोठा वादाचा मुद्दा होता. अशा एका प्रश्नाला एक रेघ पुरते.

मग दोन रेघा घ्या, असं तुम्ही म्हणाल. मी घेतल्या. एकीवर पैसा आणि सरकार, दुसरीवर संस्कृती, राष्ट्र, परंपरा. त्या बाईच्या आईचं आणि तिचं भांडण त्यात दिसतं हे खरं. पण युरोपीय संघात राहावं की नाही हा प्रश्न आला की दोन्ही रेघांवर लांब लांब असलेले पक्ष शेजारी येऊन बसतात, आणि तिसरी रेघ काढली की तक्ता कुणालाच वाचता येत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, सर्वेक्षणात मतदार स्वतःच स्वतःला 0 म्हणजे डावा ते 10 म्हणजे उजवा अशा रेघेवर बसवतात, मग मी कोण नाही म्हणणारी? आजही त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कोण कुणाबरोबर सरकार बनवेल याचा अंदाज त्या एका रेघेवरून बऱ्याचदा बरा येतो, म्हणून मीही ती वापरते. फक्त 'मध्यममार्गी' लिहायच्या आधी आता डावे तुकडे किती आणि उजवे किती हे दोन्ही आकडे शेजारी टाकते, आणि न मोजलेले किती तेही. लोक विचारतात, तीन आकडे कशाला, आम्हाला एकच द्या. कधी कधी देते. त्या दिवशी झोप नीट लागत नाही.