वाचवलेल्या फोटोंनी गिळलेले तक्ते

डेटा रिकव्हरीच्या धंद्यात नेमकं काय घडलं ते गिऱ्हाईक पहिल्या झटक्यात क्वचितच सांगतं. या बाईंनी मात्र काही लपवलं नाही. वनस्पतिशास्त्रातलं संशोधन, हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हवर एक फोल्डर, त्यात पानांचे हजारो फोटो आणि मोजमापांच्या एक्सेल फाइली. चुकून तो फोल्डर डिलीट झाला आणि रिसायकल बिनही रिकामी झाली. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून फोटो परत मिळवून दिले, पण एक्सेलच्या बऱ्याच फाइली उघडेनात. ‘फोटो आले, मग तक्तेच का नाही?’ असं त्या विचारत होत्या.

मी विचारलं, सापडलेले फोटो ठेवले कुठे?

‘डी ड्राइव्हवरच. तिथेच तर जागा मोकळी होती.’

बिन रिकामी केली म्हणून विंडोज मजकूर पुसत बसत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक फाइलची साधारण 1024 बाइटची एक नोंद असते. फाइलचं नाव, आकार, आणि ती डिस्कवर कोणकोणत्या क्लस्टरमध्ये पसरली आहे हे त्यात असतं. डिलीट करताना ‘वापरात आहे’ ही खूण त्या नोंदीवरून निघते आणि ते क्लस्टर मोकळे धरले जातात. क्लस्टर म्हणजे सहसा 4 किलोबाइटचा तुकडा. दुसरी फाइल येऊन त्यावर बसेपर्यंत आतला मजकूर जसाच्या तसा पडून राहतो. एसएसडीची गोष्ट निराळी. तिला विंडोज ट्रिमची, म्हणजे ही जागा आता नको अशी सूचना देतं, आणि त्यानंतर तीच जागा वाचली तर बहुतेकदा नुसती शून्यं हाती येतात. बाईंची डिस्क फिरत्या तबकडीची होती, म्हणून आशा तरी होती.

तर त्या ‘मोकळ्या’ जागेत बाईंचेच तक्ते होते. सॉफ्टवेअर एकेक फोटो वाचत होतं आणि त्याची प्रत तिथेच लिहीत होतं.

मी डिस्कवर काही लिहूच न देणारा राइट ब्लॉकर लावून डिस्कची सेक्टरगणिक प्रत काढली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवली. सहकाऱ्याच्या स्कॅनच्या यादीत एका तक्त्यापुढे हिरवी खूण होती, म्हणजे फाइल उत्तम स्थितीत. ती फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली. एक्सेलची .xlsx ही मुळात झिप फाइल, तिची सुरुवात `50 4B 03 04` अशी हवी. समोर दिसलं `FF D8 FF`. म्हणजे जेपेग. नाव तक्त्याचं, आकार तक्त्याचा आणि पोटात पानाचा फोटो. हिरवी खूण खोटी नव्हती, ती स्कॅनच्या वेळची होती. त्यानंतर हजारो फोटो लिहिले गेले आणि यादी मात्र होती तशीच राहिली. ही सॉफ्टवेअरं त्याच ड्राइव्हवर लिहायला सरळ नकार का देत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही. एक इशारा झळकतो, लोक ‘ओके’ दाबतात.

ज्या क्लस्टरवर नवीन मजकूर बसला तो गेलाच. एकदा लिहिलेल्याखालून जुनं वाचून काढण्याची किमया माझ्याकडे नाही, आणि आजच्या डिस्कवर ती कुणी करून दाखवलेलीही मी पाहिली नाही.

पण काही तक्त्यांचं फक्त शेपूट गेलं होतं. झिपची अनुक्रमणिका शेवटी असते, म्हणून एक्सेल अशी फाइल उघडत नाही. तरी आतला प्रत्येक भाग स्वतंत्रपणे दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे सुरुवातीचे भाग हाताने सोडवता येतात. एका महत्त्वाच्या तक्त्यातून `sheet1.xml` पूर्ण निघालं. पानांची लांबी, रुंदी, सगळे आकडे शाबूत. वनस्पतींच्या नावांच्या रकान्यात मात्र 0, 1, 2, 5 असे अंक. एक्सेल शब्द सहसा `sharedStrings.xml` या वेगळ्या भागात ठेवतं आणि तक्त्यात फक्त त्यांचा क्रमांक लिहितं. तो भाग फोटोने गिळला होता.

एक्सेल सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनी काढून टाकतं, म्हणून उरलेल्या मोकळ्या जागेत मी झिपच्या सह्या, म्हणजे सुरुवातीचे ते ठरलेले बाइट, शोधल्या. दोन तक्त्यांच्या जुन्या आवृत्त्या अखंड मिळाल्या. या तक्त्याची नाही मिळाली. बाई शेवटी हस्तलिखित नोंदवही घेऊन बसल्या आणि मोजमापं ताडून क्रमांक 2 म्हणजे कोणती वनस्पती, हे एकेक करून लावू लागल्या. बरंचसं जुळलं. दोन प्रजातींची पानं इतकी सारखी, की त्यांचे आकडे अजून बेवारस आहेत.

सहकाऱ्याचा फोन आला होता. त्याने विचारलं, ‘आधी तक्ते काढले असते तर?’ खरं तेच सांगितलं. सगळे तक्ते मिळून थोड्याच एमबींचे होते. ते आधी काढले असते, अगदी त्याच ड्राइव्हवर ठेवले असते, तरी बहुधा फार तर काही फोटो बिघडले असते. आणि फोटो तर कॅमेऱ्याच्या कार्डावर होतेच, हे बाईंनी मला बिल देताना सांगितलं.