दोघांचं पीक -1, तरी जाहिरात कानठळ्या बसवते

कुडाळजवळ रेकॉर्ड केलेला दशावताराचा एक प्रयोग प्रसारणाआधी माझ्याकडे आला. तो आधीच एकदा स्थानिक वाहिनीवर लागला होता आणि एका प्रेक्षकाने फोनवर सांगितलं होतं, "जाहिरात इली की कान फुटतत, आणि राजाचा बोलणा ऐकाक येना नाय." या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पीक मीटरवर, म्हणजे आवाजाचं सर्वोच्च टोक दाखवणाऱ्या मीटरवर, प्रयोग आणि जाहिरात दोन्ही -1 डीबीला टेकत होते. मग लाउडनेस, म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो ते, मोजला:

```
ffmpeg -i prayog.wav -af ebur128=peak=true -f null -
```

लाउडनेसच्या एककात, एलयूएफएसमध्ये, प्रयोग -26, जाहिरात -12. फरक तब्बल 14 डीबीचा, आणि साधारण 10 डीबी वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो.

प्रयोगातलं -1 हे पीक झांजेच्या एका ठोक्याचं होतं. असा ठोका काही मिलिसेकंदांत सर्वोच्च टोक गाठून खाली येतो. कान मात्र टोक नाही, थोड्या काळात साठलेली ऊर्जा ऐकतो. जाहिरातीत आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या कंप्रेसर आणि लिमिटरने प्रत्येक अक्षर त्या टोकाजवळ नेऊन ठेवलेलं असतं.

लाउडनेस मीटर आधी आवाज एका फिल्टरमधून काढतो. त्यात अगदी खालचा घुमारा कमी होतो आणि साधारण दोन किलोहर्ट्झच्या वरचा भाग सुमारे 4 डीबीने उचलला जातो. म्हणून पखवाजाची धूम आकड्यात कमी मोजली जाते आणि निवेदकाचा तीक्ष्ण स्वर जास्त. पुढे 400 मिलिसेकंदांच्या, एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांची सरासरी ऊर्जा निघते. -70 खालचे तुकडे बाद होतात, मग उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा 10 डीबीहून जास्त खाली असलेलेही. ही चाळणी नसती तर दोन प्रवेशांमधल्या शांततेने आकडा उगाच खाली ओढला असता.

युरोपीय प्रसारण संघाच्या आर 128 प्रमाणे लक्ष्य -23. जाहिरात 11 डीबी खाली आली, तिचं पीक -12 वर गेलं. त्यात काहीच बिघडत नाही. पहिली तक्रार मिटली.

प्रयोग मात्र नुसता 3 डीबी चढवून भागणार नव्हतं. जवळजवळ अर्धा वेळ संवाद होते आणि तीन सेकंदांच्या शॉर्ट-टर्म मीटरवर ते -31 च्या आसपास घुटमळत होते. गाणी -24 ला. पूर्ण कार्यक्रमाचा आकडा गाण्यांनीच ठरवला होता. सरळ नॉर्मलाइझ केलं असतं तर राजा -28 वर राहिला असता आणि मीटर मात्र 'बरोबर' म्हणाला असता.

म्हणून आधी फक्त संवाद 4 डीबी उचलले. पूर्ण आकडा -25 झाला. मग सगळं 2 डीबी वर. झांजेचे ठोके आता +1 ला जात होते, ते ट्रू पीक लिमिटरने -1 वर धरले. साधा पीक मीटर इथे चालत नाही, कारण दोन सॅम्पलच्या मधली उंची त्याला दिसत नाही. शेवटी संवाद -25 वर आले, जाहिरातीपेक्षा फक्त 2 डीबी खाली.