बिडाच्या जॉबवर आठ मायक्रॉन

"दादा, बिडाच्या जॉबला झिंक प्लेटिंग करताना करंट तेवढाच, वेळ तेवढाच, गणित बरोबर. मग मायक्रॉन कमी का?"

कारण गणित रेक्टिफायरमधून निघालेल्या करंटचं असतं आणि थर पडतो तो जस्ताच्या वाट्याला आलेल्या करंटचा. या दोन्हींतला फरक मला शिरोलीच्या एका फौंड्रीच्या ब्रॅकेटनं शिकवला, म्हणून तीच गोष्ट सांगतो.

काम साधं होतं. बिडाचे ब्रॅकेट, त्यावर झिंक, ८ मायक्रॉन. एका ब्रॅकेटचं क्षेत्रफळ दीड चौरस डेसिमीटर. रॅकवर वीस नग, म्हणजे ३० चौरस डेसिमीटर. दर डेसिमीटरला २ अँपिअर धरले, रेक्टिफायर ६० अँपिअरवर लावला, वीस मिनिटं दिली. आमचा बाथ तेव्हा सायनाइड नसलेला अल्कलाइन झिंकचा होता.

आता गणित. २ अँपिअर वीस मिनिटं म्हणजे १२०० सेकंद. एका चौरस डेसिमीटरवर २४०० कूलोम गेले. जस्ताच्या एका अणूला बसायला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ६५.३८ ग्रॅम जस्त बसवायला ९६४८५ च्या दुप्पट, १९२९७० कूलोम खर्च होतात. त्या हिशेबानं २४०० कूलोममध्ये ०.८१ ग्रॅम जस्त बसायला हवं. फॅरेडेचा नियम इथवर आणून सोडतो: त्यातून वजन मिळतं, जाडी नाही. जाडीसाठी घनता लागते. ०.८१ ग्रॅमला जस्ताच्या ७.१४ नं भागलं की घनफळ ०.११४ घन सेंटिमीटर, ते शंभर चौरस सेंटिमीटरवर पसरलं की ११.४ मायक्रॉन. h जाडी, j दर क्षेत्रफळाला करंट, t वेळ, M अणुभार, n इलेक्ट्रॉनची संख्या, F म्हणजे ते ९६४८५ आणि ρ घनता धरली, तर एका ओळीत असं:

h = (j × t × M × η) / (n × F × ρ)

यातला η म्हणजे करंटची कार्यक्षमता, आणि तुमचा प्रश्न सगळा त्या एका अक्षरात आहे. बाकी सगळं पुस्तकात छापलेलं किंवा मीटरवर दिसणारं. हुपरीत चांदीचा मुलामा देणाऱ्या माझ्या मित्राचं गणित हेच, फक्त चांदीला एकच इलेक्ट्रॉन लागतो आणि अणू जड असतो, म्हणून तेवढ्याच कूलोममध्ये त्याचा थर जस्ताच्या दुपटीहून जाड येतो.

आमच्या अल्कलाइन बाथची कार्यक्षमता मी ७० टक्के धरत होतो. उरलेल्या तीस टक्क्यांत पाण्यातून हायड्रोजन सुटतो. ११.४ चे ७० टक्के म्हणजे ८. गणित नेमकं जुळलं होतं. रॅक बाहेर आला, गेज लावला, तर ३ मायक्रॉन. गेज कोऱ्या बिडाच्या नगावरच शून्य केला होता, पृष्ठभाग खडबडीत म्हणून प्रत्येक नगावर पाच-सहा ठिकाणी मोजलं होतं. तीन म्हणजे तीनच.

पहिल्यांदा आमच्या मुलानं करंट ९० अँपिअर केला. टाकीत कढईत भजी सोडल्यासारखे बुडबुडे उसळले, कडा खरखरीत झाल्या आणि थर जेमतेम अर्धा मायक्रॉन वाढला. अल्कलाइन झिंकमध्ये करंट डेन्सिटी चढवली की कार्यक्षमता आणखी घसरते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

मग मी बाथ बिघडलाय की जॉब, हे वेगळं करायचं ठरवलं. १० बाय ५ सेंटिमीटरचा, एक मिलिमीटर जाडीचा साध्या स्टीलचा पत्रा घेतला. दोन्ही बाजू मिळून बरोबर एक चौरस डेसिमीटर होतो. गुजरीतल्या एका सोनाराकडून काटा मागून आणला. कोरा पत्रा ३९.२६ ग्रॅम भरला. त्याच बाथमध्ये, छोट्या रेक्टिफायरवर, २ अँपिअर, वीस मिनिटं. धुऊन, वाळवून पुन्हा काट्यावर ठेवला: ३९.८३. वाढ ०.५७ ग्रॅम. एक चौरस डेसिमीटरवर एक मायक्रॉन जस्त ०.०७१ ग्रॅम भरतं, म्हणून हे झाले ८ मायक्रॉन. ०.५७ ला ०.८१ नं भागा, ७० टक्के. म्हणजे बाथ अगदी ठीक होता. दोष बिडात होता.

बिडात, म्हणजे ग्रे आयर्नमध्ये, ग्रॅफाइटच्या पापड्या असतात. ग्रॅफाइटवर हायड्रोजन सहज सुटतो, जस्तावर मात्र तो नाखुशीनं सुटतो. त्यामुळं स्टीलच्या पत्र्यावर जस्ताचं पहिलं पातळ पांघरूण लगेच बसतं आणि पुढं करंट जस्ताच्याच कामाला लागतो. बिडावर ते पांघरूण बसतच नाही, करंट बुडबुड्यांत जातो. त्यात आम्ही स्वतः भर घातली होती. फौंड्रीचा माल काळा म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या पिकलिंगमध्ये दहा-बारा मिनिटं ठेवत होतो. ॲसिड लोखंड खातं, ग्रॅफाइटला हात लावत नाही. जितकं जास्त पिकलिंग, तितकी वर काजळी जास्त. ओळखायची खूण सोपी आहे: पिकलिंगनंतर धुतलेल्या नगावर पांढरं फडकं घासा. फडकं काळं आलं तर तो जॉब अल्कलाइन बाथमध्ये सोडू नका.

नंतर आम्ही आधी शॉट ब्लास्टिंग करून घेऊ लागलो, पिकलिंग अर्ध्या मिनिटावर आणलं आणि बिडासाठी ॲसिड क्लोराइड झिंकची वेगळी टाकी लावली. तिथं कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या आसपास असते आणि बिडावर जस्त पटकन झाकण धरतं. २ अँपिअरला मिनिटाला ०.५४ मायक्रॉन, म्हणजे आठला पंधरा मिनिटं पुरतात असं कागद सांगतो. मी बावीस मिनिटं देतो, आणि यावर तुमच्यापैकी बरेचजण वाद घालता. वरचं सगळं गणित सरासरीचं आहे. करंट कडांवर आणि टोकांवर गर्दी करतो, खाचेत कमी पोचतो. अल्कलाइन बाथमध्ये गर्दीच्या जागी कार्यक्षमता पडते, त्यामुळं थर आपोआप थोडा सारखा होतो. क्लोराइडमध्ये ती सोय नाही. बावीस मिनिटांत सरासरी १२ येते. त्या ब्रॅकेटच्या कडेला १६ भरले आणि खाचेत साडेआठ. पार्टीला खाचेतले आठ हवे असतात, सरासरीतले नाही.

क्लोराइडचाही एक त्रास आहे. बीड सच्छिद्र निघालं तर छिद्रांत क्लोराइडचं पाणी अडकतं आणि आठ-पंधरा दिवसांनी गोदामात पांढरे ठिपके फुटतात. गरम पाण्यात नीट धुतलं की कमी होतं, बंद होत नाही. सच्छिद्र माल मी आधीच परत पाठवतो.

तेव्हा पुढच्या वेळी थर कमी पडला तर गेजचा आकडा फोनवर सांगून थांबू नका. नगाचं क्षेत्रफळ, आतल्या भोकांसकट, मोजून आणा. पत्र्याच्या तुकड्याचं आधीचं आणि नंतरचं वजन आणा. आणि पिकलिंगनंतर पुसलेलं फडकं पिशवीत घालून सोबत घेऊन या.