अंगठ्याखालची ओळ

आमच्या वाड्यावरच्या महिला गटाला 26 नोव्हेंबरच्या कार्यक्रमासाठी मूलभूत हक्कांची साधी यादी हवी होती. हक्क, कर्तव्ये, मर्यादा आणि प्रत्येकासमोर गावातलेच एखादे उदाहरण, एवढेच. मोठ्या अक्षरांत दोन कागद. 'तुझं अक्षर बरं आहे, तूच कर,' म्हणत आत्याने काम माझ्या गळ्यात घातले. एका संध्याकाळचे काम म्हणून बसले. लागले सोळा दिवस, आणि त्यातले अकरा एका ओळीपायी गेले.

पान होते तालुक्याच्या एका वाचनालयातल्या जुन्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले. पुस्तक घरी नेता येत नाही, झेरॉक्स बंद, 'फोटो काढा आणि आवरा, दार लावायचंय.' एका हाताने पुस्तक दाबून दुसऱ्या हाताने फोटो काढला. घरी येऊन मोठा करून पाहते तर अनुच्छेद 19 मधल्या स्वातंत्र्यांखाली जी मर्यादांची ओळ होती, तिच्यावर माझाच अंगठा. डावीकडे 'वरील' दिसत होते, उजवीकडे 'येतात'. मधले सगळे गायब.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. तिसऱ्यांदा गेले तर पुस्तक बांधणीला गेलेले. कधी येईल? 'येईल तेव्हा फोन करतो.' डिचोलीहून दर खेपेला बसने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडायचा, वर हे.

वाट बघण्यापेक्षा मर्यादा आठवून लिहू म्हटले आणि तिथेच फसले. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, जनहित अशी चार कारणे मी सगळ्या स्वातंत्र्यांखाली एका चौकटीत टाकली. चौकट दिसायला फार छान होती. आत्याने ती वाचली आणि विचारले, 'म्हणजे ग्रामसभेत मी ट्रकांच्या धुळीबद्दल बोलायला उभी राहिले, आणि कोणी म्हटलं की खाण चालणं जनहिताचं आहे, तर मला गप्प बसवता येईल?'

माझ्या चौकटीप्रमाणे येईल. संविधानाप्रमाणे नाही. शेवटी मोबाइलवर संविधानाची मराठी प्रत उघडली, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. तुम्ही असे काही करायला बसणार असाल तर फोटोतले पान फक्त क्रम बघायला वापरा, मजकूर मूळ प्रतीवरून घ्या.

तिथे स्पष्ट आहे. अनुच्छेद 19 च्या पहिल्या खंडात स्वातंत्र्ये आहेत आणि मर्यादा दोन ते सहा या खंडांत वाटून दिल्या आहेत. बोलण्यावरच्या मर्यादेची कारणे आठ: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. जनहित त्यात नाही. ते आहे फिरण्या-राहण्याच्या आणि धंद्याच्या स्वातंत्र्यापुढे.

हा फरक कागदी नाही. पुण्याच्या 'सकाळ'चाच खटला आहे. वर्तमानपत्राने किती किमतीला किती पाने द्यायची हे सरकारने 1956 च्या कायद्याने आणि 1960 च्या आदेशाने ठरवायला घेतले. वर्तमानपत्र हा धंदाही आहे, तेव्हा लोकहितासाठी बंधन घालता येते, असा सरकारचा पवित्रा होता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पाने कमी केली की विचारांचा प्रसार कमी होतो, आणि धंद्यावर चालणारे कारण बोलण्यावर लावता येत नाही.

मग मी चौकट फाडली आणि प्रत्येक हक्काखाली त्याचीच मर्यादा लिहिली. ग्रामसभेत धुळीबद्दल बोला, पंचायतीवर टीका करा. पण पुरावा नसताना अमक्या पंचाने पैसे खाल्ले असे नाव घेऊन म्हणालात तर ती बदनामी. शस्त्रांशिवाय शांतपणे जमा, मोर्चा काढा. पण रुग्णवाहिका अडेल असा रस्ता रोखलात तर सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न येतो. पोदेराला पाव विकायचा हक्क आहे. पण अन्नाचा परवाना आणि स्वच्छतेचे नियम त्याला पाळावे लागतात, कारण तिथे जनहित चालते.

प्रत्येक मर्यादेला तीन प्रश्न लावून पाहिले. ती कोणत्या कायद्यात आहे? त्या हक्कापुढे दिलेल्या कारणांपैकीच एखाद्या कारणासाठी आहे का? आणि वाजवी आहे का, म्हणजे मुंगीसाठी कोयता तर उचलला नाही ना? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न्यायालय ठरवते. सरपंच तोंडी 'इथे बोलायचं नाही' म्हणाला, हे मी आधी मर्यादेचे उदाहरण म्हणून लिहिले होते. ते पहिल्याच प्रश्नाला पडले.

पान जुने होते हेही मूळ प्रत बघताना कळले. फोटोत स्वातंत्र्ये सात, मालमत्तेसकट. आता सहा आहेत. मालमत्तेचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने 1979 मध्ये मूलभूत हक्कांतून निघाला आणि अनुच्छेद 300-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क झाला. त्याच पानावर कर्तव्ये मात्र दहा होती, आणि ती 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आली. म्हणजे पुस्तक त्या दोन-तीन वर्षांतले. अकरावे कर्तव्य, मुलाला सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षणाची संधी देण्याचे, 2002 चे. तुमच्या हातातले पान किती जुने हे याच दोन आकड्यांवरून ओळखा.

कर्तव्यांचा भाग भरभर झाला, एक खटका सोडून. गटातल्या एकीने 'मतदान करणे, कर भरणे' लिहून पाठवले होते. दोन्ही यादीत नाहीत. आणि हक्कासमोर कर्तव्य जोडी लावून लिहायचा मोह मीही आवरला, कारण कर्तव्य चुकले म्हणून हक्क जात नाही. म्हादईत कचरा टाकणाऱ्याला दंड होईल तो त्यासाठी केलेल्या कायद्याने. त्याचा बोलायचा हक्क तसाच राहील.

हो, एक राहिले. प्रत्येक हक्कापुढे 'कोणाला' हा रकाना घालाच, गोव्यात तर नक्की. माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला असतो. तो नाताळात घरी आला की कायद्यापुढची समानता आणि जीविताचे संरक्षण त्यालाही आहे, कारण ते 'कोणत्याही व्यक्तीला' आहे. अनुच्छेद 19 मधली स्वातंत्र्ये फक्त नागरिकांना. हे वाचून मावशीचा चेहरा जरा पडला.

कार्यक्रम झाला, कागद भिंतीवर लागले. दोन दिवसांनी वाचनालयातून फोन, पुस्तक बांधून आले. गेले. जायलाच हवे होते असे नाही, पण गेले. अंगठ्याखालची पूर्ण ओळ अशी होती: 'वरील सर्व स्वातंत्र्यांवर जनहितासाठी बंधने घालता येतात.'