गेम स्टुडिओचा राजीनामा आणि अडकलेलं रिलिव्हिंग लेटर : माझा अनुभव

टेक्निकल आर्टिस्टची नोकरी सोडून ग्राफिक्समध्ये रिसर्च डिग्रीला जायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, अवघड भाग अ‍ॅडमिशनचा असेल. तो भाग पार पडला, इंटरव्ह्यू चांगला झाला, गाईड मिळाले, त्यावर लिहीत नाही. अडकलं ते राजीनाम्यात, आणि तेसुद्धा एका वाक्यावर. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, पुण्यात-मुंबईत-बंगळुरूत असंच काम करणारं कोणी शिकायला निघालं असेल तर उपयोगी पडेल.

राजीनाम्याचं पत्र छोटं ठेवलं. पदाचा राजीनामा देतेय, नोटीस पिरियड आजपासून ९० दिवस, म्हणजे शेवटचा दिवस अमुक तारीख, ती तारीख आकड्यात लिहिलेली. कारण एका ओळीत, पुढचं शिक्षण. विषय काय, कुठे, गाईड कोण, यातलं काही पत्रात नाही. मेल एचआर आणि लीड दोघांनाही एकदमच केला, कारण नोटीस कधी सुरू झाली यावरून नंतर वाद होतात आणि मेलची तारीख हाच पुरावा असतो. लीडला आदल्या दिवशी तोंडी सांगितलं होतं, तो माणूस चांगला, म्हणाला "जा गं, तुझं डोकं तिकडेच जास्त चालतं."

नोटीसचे पहिले आठवडे हँडओव्हरमध्ये गेले, शेडरची डॉक्युमेंट्स, टूल्स कोण सांभाळणार वगैरे. मग एक्झिट फॉर्म आला. त्यात एक कलम होतं, की नोकरीच्या काळात कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित मी जे जे बनवलं, ऑफिसात किंवा बाहेर, ते सगळं कंपनीचं आहे हे मी मान्य करते. खाली सही. आणि सही केल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर नाही. इन्स्टिट्यूटच्या अ‍ॅडमिशन लेटरमध्ये स्पष्ट लिहिलेलं, जॉइन होताना आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर द्यावं लागेल. म्हणजे दोन्हीकडून गळा.

मी सही का करत नव्हते ते नीट सांगते, कारण ऑफिसात निम्म्या लोकांना वाटलं मी उगाच ताणतेय. माझा रिसर्चचा विषय झाडांचा आहे. गेममध्ये पान म्हणजे एक सपाट चौकोन असतो, त्यावर पानाचं टेक्स्चर आणि अल्फा, म्हणजे कुठे पान आणि कुठे पारदर्शक ते सांगणारा आकडा, आणि अल्फा ०.५ च्या खाली असेल तो पिक्सेल टाकून द्यायचा. झाड लांब गेलं की जीपीयू मिपमॅप, म्हणजे त्याच टेक्स्चरची लहान आवृत्ती वापरतो, त्यात शेजारच्या चार टेक्सेलची सरासरी घेतलेली असते. आता चारातल्या एकावरच पान असेल तर अल्फा १, ०, ०, ०, सरासरी ०.२५, म्हणजे ०.५ च्या खाली, गायब! जिथे २५ टक्के पान दिसायला हवं तिथे शून्य. म्हणून लांबच्या झाडांना टक्कल पडतं. नेहमीचा उपाय असा की प्रत्येक मिपमध्ये अल्फा इतका वाढवायचा की झाकलेला भाग मूळ टेक्स्चरइतकाच राहील. पण टेक्स्चर भरलं तरी हजारो पानं मिळून बनलेला अख्खा फांदीचा आकार लांबून कसा टिकवायचा, हे त्याने सुटत नाही, मला त्यावर काम करायचंय.

स्टुडिओत मी झाडांवर काम केलं होतं हे खरं. लीगलचं म्हणणं एवढंच, तू इथे झाडं केलीस, तुझं प्रपोजल झाडांचं, म्हणजे ते आमचं. प्रपोजल त्यांनी वाचलंच नव्हतं. मी मीटिंग मागायची, एचआर म्हणायची लीगलला विचारते, लीगल म्हणायचं एचआरने कळवलंय, आणि जॉइनिंगची तारीख जवळ येतेय. घरी आई रोज विचारायची काय झालं आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

माझा मामेभाऊ वकील आहे, त्याने पहिल्यांदा मुद्दा वेगळा करून दिला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(सी), नोकरीच्या कामाच्या ओघात जे बनतं त्याची पहिली मालक कंपनी, वेगळा करार नसेल तर. म्हणजे ऑफिसात लिहिलेले शेडर त्यांचेच, त्यावर माझं काही म्हणणं नव्हतंच. पण कॉपीराइट कोडवर असतो, कल्पनेवर नाही, आणि अल्फा कव्हरेजचा प्रॉब्लेम तर सगळ्या ग्राफिक्सवाल्यांना माहीत असलेला, पेपर आणि ब्लॉगमधून छापून आलेला. दादा पुढे म्हणाला, "पण फॉर्ममधलं कलम कायद्यापेक्षा जास्त व्यापक आहे, त्यावर सही केलीस तर तुझं घरचं कामही तू स्वतः देऊन टाकतेस. तेव्हा भांडू नकोस, अपवादाची यादी जोड."

मग यादी केली. घरच्या लॅपटॉपवर मी एक झाड बनवायचं टूल केलं होतं, हूडिनी अ‍ॅप्रेंटिसमध्ये, म्हणजे हूडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या फुकट, नॉन-कमर्शियल आवृत्तीत. अ‍ॅप्रेंटिसने सेव्ह केलेली फाइल `.hipnc` असते आणि टूल `.hdanc`, स्टुडिओच्या कमर्शियल लायसन्सवर तेच `.hip` आणि `.hda` होतं. म्हणजे फाइल कुठल्या लायसन्सवर बनली ते एक्सटेंशनच सांगतं, आणि अ‍ॅप्रेंटिसची फाइल कमर्शियल सेशनमध्ये आणली की ते सेशनच नॉन-कमर्शियल होतं, त्यामुळे ती स्टुडिओच्या पाइपलाइनमध्ये मिसळलेली असणं अवघडच. कोडसाठी गिटची हिस्टरी जोडली, पर्सनल ईमेल आणि तारखांसकट :

```
git log --format="%ad %ae %s"
```

हे आजच तपासा, तुमच्या घरच्या रेपोत ऑफिसचा ईमेल सेट झालेला असेल तर पुढे हाच कागद तुमच्या विरुद्ध जातो.

यादीत प्रत्येक गोष्टीला एक ओळ, काय आहे, कुठल्या मशीनवर, कुठल्या लायसन्सवर, आणि शेवटी "यात कंपनीचं कोड, मॉडेल किंवा टेक्स्चर नाही." हे लिहिताना ते खरं असायलाच हवं. रेंडरडॉक या फ्रेम तपासायच्या टूलचं कॅप्चर घरी नेणारे लोक मी पाहिलेत, त्यांना वाटतं स्क्रीनशॉटसारखंच आहे, पण `.rdc` फाइलमध्ये त्या फ्रेमची सगळी टेक्स्चर्स, मेश, शेडर असतात, ती कंपनीचीच मालमत्ता. माझ्या प्रपोजलमधल्या आकृत्या सगळ्या माझ्याच सीनच्या होत्या. गोपनीयतेचं कलम मी तसंच मान्य केलं, अनाउन्स न झालेल्या गेमबद्दल किंवा त्यांच्या परफॉर्मन्स बजेटबद्दल मी कुठेही बोलणार नाही, ते योग्यच आहे.

यादी लीगलला गेली तरी शांतता. शेवटी लीड स्वतः बसला, त्याने प्रपोजल वाचलं आणि मेलवर लिहून दिलं की यातलं काहीही आमच्या प्रोजेक्टमधून आलेलं नाही. त्याच्या त्या मेलनंतर गाडी हलली, टेक्निकल माणसाने लिहिलेलं लीगलला चालतं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कलमात "जोडपत्रातील कामे वगळून" एवढे शब्द वाढले, मी सही केली आणि रिलिव्हिंग लेटर मिळालं. ते पीडीएफ उघडल्यावर मी आईला हाक मारली, ती स्वयंपाकघरातून धावत आली, दोघी मिळून वाचलं. सही केलेल्या फॉर्मची आणि जोडपत्राची कॉपीही मागून घेतली, ती आपल्याकडे हवी.

हो, एक राहिलं, पोर्टफोलिओत स्टुडिओच्या गेममधलं काय दाखवता येईल याची परवानगी ऑफिसचा मेल चालू असतानाच लेखी मागा आणि पर्सनल आयडी सीसीत ठेवा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी मेल बंद होतो. मला रिलीज झालेल्या गेमचा व्हिडिओ दाखवायची परवानगी मिळाली, वायरफ्रेम आणि शेडर ग्राफची नाही. रेकमेंडेशन लेटर तर राजीनाम्याच्याही आधी मागून ठेवा, आणि पीएफच्या पोर्टलवर एक्झिटची तारीख कंपनीने भरलीय का तेही बघा, माझी भरायला मागे लागावं लागलं.